माझ्या जागी कोण

माझ्या डोक्याला, डाव्या कानाच्या वर केसांच्या आत, एक खाच आहे. नवा न्हावी भेटला की त्याची कात्री तिथे थांबते आणि तो विचारतो, काका, हे काय लागलं होतं? मी सांगतो, कुऱ्हाडीचा दांडा. पुढचं सांगत नाही. पुढचं सांगायला लागलो की माझं डोकं अजूनही तापतं, आणि तापलेल्या डोक्याच्या माणसाची हजामत करायला कोणाला आवडणार?

नवीन राज्य झालं त्याच्या पुढच्या काळातली ही गोष्ट. मी जंगल खात्यात नाकेदार होतो. नाकेदार म्हणजे जंगलाचा एक तुकडा ज्याच्या गळ्यात बांधलेला असतो असा खाकी कपड्यातला माणूस. माझा तुकडा, खात्याच्या भाषेत बीट, पांढरकवड्याच्या पलीकडे, नाल्याच्या काठाने पसरलेला, आणि सगळा सागवानाचा. नाल्याच्या उतारावर एक खोलीची चौकी. त्या चौकीत मी, माझी बायको आणि एक कुत्रं. जवळचं गाव कोसावर. साहेब लोकांना नकाशावर ती चौकी फार मोक्याची वाटायची, कारण त्यांना तिथे राहावं लागत नव्हतं.

चोरीचा माल तोडायचा तो बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. त्या दिवशी गावं रिकामी होतात, नाकेदारही तेल-मीठ आणायला बाजारात जातो, आणि गाड्यांची एवढी वर्दळ असते की दोन जास्तीच्या बंड्या कोणाच्या डोळ्यांत येत नाहीत. त्या बाजाराच्या दिवशी मी अंगात ताप होता म्हणून चौकीतच पडलो होतो. कुऱ्हाडीचा आवाज आला. मी उठलो, काठी घेतली आणि नाल्याकडे गेलो. बायको मागून ओरडत होती, तिला मी हातानेच गप्प केलं.

नाल्यात दोन बंड्या उभ्या होत्या. ओल्या सागाचे ओंडके भरलेले, साल अजून ठिबकत होती. माणसं चार. त्यांतला एक ओळखीचा, लाकडाच्या एका ठेकेदाराचा मुकादम. माझ्याशी बाजारात बसून चहा प्यायलेला माणूस. मी पहिल्या बंडीच्या बैलांचा कासरा धरला आणि सांगितलं, बंडी चौकीवर घ्या. मुकादम हसला. मग माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं, आणि मी गुडघ्यांवर आलो, तेव्हा कळलं की मागून कोणीतरी दांडा घातला होता. रक्त डोळ्यांत उतरलं. एकजण माझ्या पाठीवर बसून मला पाण्यात दाबायला लागला. पाणी घोट्याएवढंच होतं, पण तोंड बुडायला तेवढं पुरतं. मी त्याच्या मनगटाला चावलो. मांस तुटेपर्यंत चावलो. तो किंचाळून सुटला, तशी माझी काठी माझ्या हाताला लागली, आणि समोर जे दिसेल त्याला मी मारायला लागलो. मुकादमाच्या कोपरावर बसलेला फटका मला अजून हातात जाणवतो. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि खरं सांगतो, मला तो गोड वाटला.

ते एक बंडी टाकून पळाले. मुकादम लोंबता हात दुसऱ्या हाताने धरून दरडीवर चढला आणि वळून म्हणाला, "हा बाजार तुहा झाला. पुढचा माहा."

मी चौकीवर कसा पोचलो ते बायकोलाच विचारायला हवं होतं. तिने आपलं लुगडं फाडून माझं डोकं आवळून बांधलं. मी रडत होतो. 

गुन्ह्याचा रिपोर्ट लिहून वर पाठवला, बंडी जप्त झाली, पोलिसांत तक्रार गेली. मुकादमाचा जामीन झाला, ठेकेदाराने केला. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी आणि बायको दोघंही गावात गेलो. परत आलो तर दाराच्या कडीला आमचं कुत्रं टांगलेलं. पोट फाडलेलं. बायकोने ते माझ्या आधी पाहिलं. तिने आरडाओरडा केला नाही. सुरी आणली, दोरी कापली, कुत्रं खाली घेतलं आणि म्हणाली, "इथून हला, नाहीतर मी माहेरी चालली. पुढच्या खेपेले मी काय काय खाली काढू?"

तेव्हा मी बदलीचा अर्ज केला. यवतमाळला खात्याचा मोठा लाकूड-डेपो होता. जंगलातून आलेला माल तिथे मोजायचा, थप्प्या लावायच्या, लिलाव करायचा. तिथे एका नाकेदाराची जागा होती. पगार तोच, गणवेश तोच, फक्त रात्री आजूबाजूला माणसं असायची. अर्ज रेंजर साहेबांच्या मार्फत गेला. रेंजर साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी शिफारस लिहिली आणि खाली एक ओळ जोडली, की बदली माणूस येऊन हजर झाल्याशिवाय यास सोडता येणार नाही. ती ओळ त्या अर्जांवर नेहमीच असते. आम्ही कोणी ती वाचूनही वाचली नाही.

अडचण अशी, की डेपोवर नवा साहेब आला होता. पुण्याकडचा माणूस, नव्या राज्यात इकडे पाठवलेला. जुन्या साहेबाला आम्ही सगळे ठाऊक होतो. हा कोणालाच ओळखत नव्हता आणि त्यालाही कोणी ओळखत नव्हतं. त्याने आल्याआल्या कळवून टाकलं, की कागद पाहून मी माणूस घेणार नाही. ज्यांचे अर्ज आहेत त्यांना माझ्यासमोर पाठवा, मी बोलेन आणि मग वरच्या साहेबांना माझं मत कळवीन. म्हणजे मुलाखत. एका खात्यात इतकी वर्षं काढल्यावर पुन्हा मुलाखत, हे आम्हाला नवंच होतं.

रेंजच्या कचेरीत मग माझी तयारी सुरू झाली. तयारी करून घेणारे दोघं. एक कचेरीतला बाबू, ज्याला आपल्याशिवाय जिल्हा चालत नाही असं वाटायचं. आणि दुसरे आमचे राऊंडचे डेप्युटी साहेब, माझ्यासारख्या काही नाकेदारांच्या वरचे, मिशीवाले आणि जिवाला जीव देणारे. बाबूने यवतमाळच्या शिपायाकडून माहिती काढली होती. नवा साहेब शिकारी आहे. भिंतीला बिबट्याचं कातडं लावलंय. आधीच्या ठिकाणी आगीतून पळालेल्या एका नाकेदाराला त्याने भर कचेरीत झापलं होतं. एवढ्यावरून बाबूने निकाल लावला. "भित्र्या माणसाचा त्याले तिटकारा आहे," तो म्हणाला. "तू नाल्यातली मारामारी सांग. दुसरं काहीच सांगू नको."

डेप्युटी साहेब बाबूच्या खुर्चीत बसले, बाबूची टोपी डोक्यावर घातली आणि नवा साहेब झाले. मी समोर उभा. सांगायला लागलो की ताप होता, तर त्यांनी टोपी टेबलावर आपटली. ताप कायले सांगतो? रोगट माणूस समजेल. मागून मारलं हे सांगू नको, बेसावध होता असं होते. चार माणसं म्हणजे कमी वाटतात, सहा सांग. कुत्र्याचं तर नावच काढू नको, ते दुबळेपणाचं वाटते. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा. पाचव्या खेपेला माझ्या अंगात ताप नव्हता, पाठीवर कोणी बसलं नव्हतं, मी स्वतःच नाल्यात उडी घेतली होती आणि सहा जणांना पळवून लावलं होतं. ऐकणारे चपराशीसुद्धा छाती पुढे काढून उभे राहिले. मलाही ते आवडायला लागलं. ज्याने मला पाण्यात दाबलं त्याला मी रोज एकदा नव्याने मारत होतो, आणि रोज जास्त जोरात. आत साठलेल्या भीतीला तेवढीच वाट होती.

चौकीवर सकाळी दाढी करताना मी आरशाच्या तुकड्यासमोर तेच म्हणत बसायचो. बायको चुलीपुढे भाकरी थापायची. एकदा तिने न वळता म्हटलं, "ताप होता, ते राह्यलं."

मी वस्तरा गालावर फिरवत राहिलो.

"आणि मी लुगडं फाडलं, तेही राह्यलं. तुम्ही बदली मागून राह्यले का बक्षीस?"

मी हातातला पितळी लोटा भिंतीवर फेकला. तिच्या अंगावर नाही, पण तिच्या डोक्यावरून. लोट्याला पोचा आला, भिंतीची माती पडली. तिने भाकरी उलटली. तो लोटा अजून आमच्या घरात आहे आणि तिने जन्मभर मला त्यातच पाणी दिलं.

मुलाखतीच्या दिवशी पहिल्या बसने यवतमाळला गेलो. डेपो गावाबाहेर, काटेरी कुंपणाच्या आत, ओंडक्यांच्या थप्प्यांच्या गल्ल्याच गल्ल्या. उन्हात सागाचा तेलकट वास घशाशी येत होता. माझ्याआधी दोघं होते, ते साहेबाकडे जाऊन पडेल चेहऱ्याने परत आले. मी एका थप्पीच्या सावलीत बसून मनात सहा माणसं मोजत होतो.

तिथला एक नाकेदार माझ्याजवळ आला. माझ्याच वयाचा, बारकासा, कानामागे खडू खोचलेला. त्याने माठातलं पाणी आणून दिलं आणि न विचारताच शेजारी बसला. त्याने आख्खी नोकरी या डेपोत काढली होती. जंगलात एकटा राहणं त्याला माहीत नव्हतं. घरी म्हातारी आई, दोन लेकरं, भाड्याची खोली, हे सगळं त्याने पाच मिनिटांत सांगून टाकलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "भाऊ, तो आधी लाकूड मोजाले लावते. टेपचं टोक घट्ट धरजा. ढिला टेप त्याले लांबून दिसते. आणि काही लपवू नको. लपवलेलं त्याले लवकर सापडते."

बाबूने आणि डेप्युटी साहेबांनी आठवडाभर जे शिकवलं त्यात हे नव्हतं. मी त्याला मान हलवली, पण माझा भरवसा माझ्या सहा माणसांवर होता.

साहेब कचेरीत नव्हता, ओंडक्यावर बसला होता. अर्धी चड्डी, डोक्यावर हॅट, हातात पेन्सिल. माझं सर्व्हिस बुक बाजूला ठेवलेलं, उघडलेलंही नव्हतं. त्याने माझं नाव विचारलं नाही. म्हणाला, हा ओंडका मोज. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं त्या बारक्या नाकेदाराने. आधी लांबी घेतली. मग मधोमध गोलाई. मी टेप आवळून धरला, सालीचा सुटा तुकडा बाजूला केला, बुडाशी खात्याच्या हातोड्याचा ठसा पाहिला आणि सगळं सांगितलं. साहेबाने मान डोलावली. मग म्हणाला, "आता तुझ्या बीटबद्दल सांग. कसं काम करतोस?"

आणि मी सुटलो. उडी, काठी, सहा माणसं, मोडलेलं कोपर. मी हातवारे करत होतो, काठी म्हणून पेन्सिल मागून घ्यायची तेवढी बाकी होती. साहेब पुढे झुकून ऐकत होता. त्याने नाल्याचा उतार कुठून आहे, बंड्या कोणत्या वाटेने निघतात, मुकादम कोणाचा, सगळं विचारलं. मी टकाटक उत्तरं दिली. मी पास झालो, हे मला दिसत होतं.

साहेब उठला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाबास," तो म्हणाला. "अशा माणसाला मी इथे आणून लाकडं मोजायला लावू? तो खात्याचा तोटा होईल. मी वरती लिहितो, की या माणसाला त्या बीटवरून मुळीच हलवू नये. आणि बक्षिसाचीही शिफारस करतो."

चुलीपुढे भाकरी थापणारी पाठ माझ्या डोळ्यांपुढे आली. मग कडीला टांगलेलं कुत्रं आलं, आणि त्याच्या जागी दुसरं कोणीतरी. मला साहेबाचा राग आला नाही. बाबूचा आला, डेप्युटी साहेबांचा आला, त्या टोपीचा आला. मुठीत टेप होता, तो मी ओंडक्यावर आपटला. टेपची पत्र्याची डबी उडून दूर पडली.

"मले भेव वाटते साहेब," मी म्हणालो. "सहा नव्हते, चार होते. मागून मारलं मले. ताप होता. मी लहान पोरासारखा रडलो. माहं कुत्रं फाडून दारात टांगलं त्यायनं. मले बक्षीस नोका देऊ. मले तिथून काढा."

एवढं मी ओरडूनच बोललो असणार, कारण थप्प्यांमागचे हमाल उभे राहून पाहू लागले.  साहेबाने डबी उचलली, फुंकर मारली आणि विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? मी सांगितलं, तुम्हाला भित्रा माणूस चालत नाही असं ऐकलं होतं. तो म्हणाला, "मी आगीतून पळालेल्याला बोललो ते खरं. पण पळाला म्हणून नाही, आग लागलीच नव्हती असं त्याने लिहिलं म्हणून. घाबरलो असं सांगणारा माणूस गोलाई खोटी सांगणार नाही. तू ये."

मला वाटतं, मी त्याच्या पाया पडायला वाकलोही. तेवढ्यात त्याने माझा अर्ज उलटून पाहिला आणि रेंजर साहेबांची ती ओळ वाचली. मोठ्याने वाचली. मग विचारलं, "तुझ्या जागी कोण जाईल?"

या प्रश्नाची तयारी आमच्यातल्या कोणीच केली नव्हती. मी म्हणालो, मला नाही माहीत साहेब. मग मला सुचलं ते बोललो, की तिथे कोणालाही पाठवा, पण एकट्याला पाठवू नका, दोघं पाठवा. साहेब म्हणाला, बीटवर किती माणसं हे रेंजने ठरवायचं, ते माझ्या हातात नाही. रेंजकडे शिल्लक माणूस नाही, म्हणून मी एक घेतला तर मला एक द्यावा लागेल, एवढंच माझ्या हातात आहे. तो इकडेतिकडे पाहू लागला. माझ्या शेजारी तो बारका नाकेदार ओंडक्याच्या तोंडावर खडूने नंबर घालत होता.

"हा जाईल," साहेब म्हणाला.

त्याचा खडू थांबला. मग म्हणाला, "जी." आणि अर्धा राहिलेला आकडा त्याने पुरा केला.

मी खूश होतो. ते लपवून काय करू? स्टँडवर जिलबी घेतली, बसमध्ये मांडीवर धरून आणली, आणि चौकीच्या दारातूनच बायकोला सांगितलं की सुटलो. तिने जिलबीचा तुकडा तोंडात घातला आणि विचारलं, "मंग इथं कोण येते?" मी सांगितलं. तिने विचारलं, "एकटाच?" मी हो म्हणालो. तिने उरलेली जिलबी पुडीत बांधून ठेवली. पुढे ती त्यालाच दिली.

तो आला तो वळकटी आणि भात शिजवायचा एक जर्मलचा गंज घेऊन. बायको-मुलं यवतमाळलाच ठेवली होती. मी त्याला खात्याचा हातोडा दिला, सह्या झाल्या, हद्दीवरून फिरवून आणलं. जेवढं येत होतं तेवढं सगळं सांगितलं. बाजाराच्या दिवशी चौकीत राहू नको. आवाज आला तरी जाऊ नको, आधी गावात जाऊन चार माणसं घे. पाठ नेहमी भिंतीला लावून बस. तो शाळेतल्यासारखा ऐकत होता. मग त्याने विचारलं, "कुत्रं आहे का भाऊ?"

"होतं," मी म्हणालो.

मुकादमाला माणूस बदलला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. कुत्र्यावर त्याचं भागलं नव्हतं, त्याच्या हिशेबाने एक बाजार बाकी होता. खाकी कपडे तेच होते. काही आठवड्यांनी, बाजाराच्याच दिवशी, दुपारी आवाज आला. त्या बिचाऱ्याने मी सांगितलेलं केलंच नाही असं नाही. तो गावाकडेच निघाला होता. ते वाटेतच बसले होते. त्यांनी त्याला नाल्यात ओढलं, तोंडात त्याचीच टोपी कोंबली, उजवा हात ताज्या तोडलेल्या सागाच्या ठुंठावर दाबून धरला आणि कुऱ्हाडीने बोटं तोडली. चारही. अंगठा तेवढा राहिला. मुकादमाने डाव्या हाताने कुऱ्हाड चालवली, कारण उजवं कोपर मी मोडलं होतं.

बाजाराहून परतणाऱ्या लोकांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. मारेकरी या खेपेला घाईत माल टाकून पळाले. तो माल जप्त झाला आणि दोन दिवसांनी बंडीवर लादून आमच्या डेपोत आला. मोजायला मीच होतो. एका ओंडक्याच्या सालीवर काळं वाळलेलं रक्त होतं, माश्या बसलेल्या. मी टेप फिरवला. गोलाई घेतली. खडू हातात घेतला आणि नंबर घालता येईना. साहेब पाठीमागे उभा होता. त्याने खडू माझ्या हातातून घेतला आणि स्वतः नंबर घातला.  त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

पोलिसांनी मुकादमाला धरला. ठेकेदाराला कोण धरणार? तो लिलावाला आला. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पान खाऊन लाल झालेलं तोंड. मांडवाखाली खुर्चीत बसला आणि जप्तीच्या मालाचा लॉट पुकारला तेव्हा त्याने बोली लावली. त्याच मालावर. मी लॉटजवळ उभा होतो, ओंडके दाखवायचं काम माझं होतं. तो जवळ येऊन रक्ताच्या ओंडक्यावर हात फिरवून म्हणाला, माल चांगला आहे.

मी त्याची मान धरली. धरली आणि त्याचं तोंड त्या ओंडक्यावर आपटलं. एकदा, दोनदा. पान, रक्त, एक दात, सगळं सालीवर उडालं. तिसऱ्यांदा आपटायच्या आधी हमालांनी मला मागे ओढलं. तो खाली बसून रडत होता, आणि मला हेही आठवतं की त्याचं रडणं ऐकून माझं समाधान झालं नाही. मला अजून हवं होतं.

मी सस्पेंड झालो. साहेबाने रिपोर्ट लिहिला तो जसं घडलं तसा लिहिला. माझी बाजू घेतली नाही आणि ठेकेदाराचीही नाही; त्याने कशावर हात फिरवला, काय म्हणाला, हेही लिहिलं. ते वाचून वरच्यांनी मला बडतर्फ केलं नाही. पगारवाढ रोखली आणि काही महिन्यांनी पुन्हा कामावर घेतलं, त्याच डेपोत. त्या महिन्यांत मी कळंबला भावाच्या शेतात राबलो. कपाशीत डवरे हाकताना मी मुकादमाला शिव्या घालायचो आणि बैल दचकायचे.

परत आलो तेव्हा तो बारका नाकेदार डेपोत होता. हाताची जखम भरली होती. साहेबानेच खटपट करून त्याला परत आणलं होतं. डाव्या हाताने खडू धरायला शिकला होता, आकडे मोठे आणि वाकडे पडायचे. टेपला दोन माणसं लागतात. लांबी घेताना एक बुडाशी, एक शेंड्याशी. साहेबाने आम्हा दोघांची जोडी लावली. मी टेप ओढायचो, तो अंगठ्याने आणि तळव्याने टोक ओंडक्यावर दाबून धरायचा. त्याचं टोक कधी ढिलं पडलं नाही.

पुष्कळ दिवस आम्ही आकड्यांशिवाय काही बोललो नाही. मी त्याच्या भाकरीचं फडकं सोडून द्यायचो, त्याला गाठ सुटायची नाही. एके दुपारी थप्पीच्या सावलीत जेवत होतो. तिथेच त्याने मला पहिल्यांदा पाणी दिलं होतं. त्याने घास खाली ठेवला.

"त्या दिवशी तू साहेबाले म्हटलं, भेव वाटते," तो म्हणाला.

मी म्हणालो, हो, म्हटलं.

"मलेही वाटत होतं," तो म्हणाला. "पण मले कोणी मुलाखतीले बोलावलंच नाही."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो, निदान ओरडलो असतो. त्याने पुन्हा घास उचलला, डाव्या हाताने, थोडा सांडला. मी त्याच्या पुढ्यातली भाकरी मोडून लहान तुकडे करत राहिलो. मग हमालांनी हाक मारली. नव्या बंड्या आल्या होत्या. आम्ही उठलो, आणि तो टेपचं टोक घेऊन बुडाकडे गेला.